झाड लावायला एक दिवस, जगवायला पाच वर्षं: वृक्षारोपणाच्या अंदाजपत्रकाचा सत्तर वर्षांचा हिशेब

१ जुलै २०१६ ची माझी बातमी मला अजून आठवते. राज्यात एकाच दिवशी २ कोटी झाडं लावायची होती. आमच्या गावात शाळेची पोरं, पोलीस, वकील, व्यापारी सगळे कुदळ घेऊन उतरले होते. मी दुपारपर्यंत आकडे गोळा केले, कुठल्या खात्यानं किती खड्डे भरले ते लिहिलं आणि संध्याकाळी बातमी पाठवून दिली. चांगली छापून आली. पुढच्या मे महिन्यात त्याच रस्त्यानं रोज जात होतो, पण थांबून एकदाही मोजलं नाही की त्यातली किती उरली. चूक माझीही आहे, म्हणून आधी ती कबूल करतो.

यंदा पुन्हा पालिकेच्या सभेत वृक्षारोपणाचा विषय येणार. विषयपत्रिकेवर एक ओळ असेल: अमुक हजार झाडं, अमुक लाख रुपये. बरेच जण विचारतील की पैसे खाल्ले का. तो प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे. एकही रुपया कुणी खाल्ला नाही, तरी त्या रकमेत ती झाडं जगू शकतात का? ते कळायला हे अंदाजपत्रक आजपर्यंत कसं बनत आलं ते बघावं लागतं.

सुरुवात उत्सवानं झाली

१९५० साली केंद्रात कन्हैयालाल मुन्शी अन्न व शेती मंत्री होते. त्यांनी वनमहोत्सव सुरू केला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलै निवडला कारण पाऊस. रोप लावा, वर आभाळ पाणी देईल. उत्सव म्हणून ते बरोबरच होतं. पण तेव्हापासून आपल्या सरकारी डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: झाडाचं काम जुलैत असतं. झाडाची खरी परीक्षा मात्र नोव्हेंबरपासून जूनपर्यंत चालते, आणि त्या महिन्यांत ना उत्सव असतो ना फोटो.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. रोजगार हमीची कामं निघाली. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, आणि त्यासोबत रोपवाटिका आणि लागवड. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगानं सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. म्हणजे जंगलाबाहेर, गायरानावर, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर झाडं लावायची. १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचं स्वतंत्र खातंच उभं राहिलं. चाळिशीच्या पुढच्यांना ती पाटी आठवत असेल.

त्या काळात निलगिरी का लावली, यावर खूप वाद झाले. पाणी पिते, जमीन खराब करते वगैरे. त्या खात्यातून निवृत्त झालेल्या एका लागवड अधिकाऱ्यांशी मागे बोलत बसलो होतो. ते म्हणाले, "अहो, आम्हाला काय निलगिरीचं प्रेम होतं का? तिला जनावर तोंड लावत नाही. कुंपणाचे पैसे वाचतात. वड-पिंपळ लावला तर प्रत्येकाला पिंजरा पाहिजे. तो आणायचा कुठून?"

गावात कुठलं झाड दिसणार हे बऱ्याचदा कुंपणाच्या रकमेनं ठरवलेलं असतं. आपल्या रस्त्यांवर काशिद आणि सप्तपर्णी इतके का दिसतात, त्याचं एक कारण हेच. गुरं-शेळ्या त्यांच्या वाटेला फारशा जात नाहीत.

'जिवंत' हा शब्द हिशेबात कधी आला

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वर्ष वाटतं ते १९९०. त्या वर्षी रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ लावायचं आणि सरकारनं अनुदान द्यायचं. पण ते एकदम हातात द्यायचं नाही. तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं द्यायचं आणि पुढचा टप्पा कलमं जिवंत आहेत का बघून द्यायचा.

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागा आणि आपल्याकडच्या कोरडवाहू फळबागा या योजनेनं वाढल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यातही गैरप्रकार झाले, नाही असं नाही. पण अंदाजपत्रकाची रचना शहाणी होती.

तीच रचना २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत आणखी स्पष्ट दिसते. पहिल्या वर्षी ५० टक्के अनुदान, दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्या वर्षी २०. पहिल्या वर्षी ८० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के झाडं जिवंत पाहिजेत. कमी पडली तर शेतकऱ्यानं स्वखर्चानं नवी लावून ते प्रमाण भरून काढायचं.

आता गंमत बघा. शेतकऱ्याला पैसे देताना सरकार जिवंत झाडं मोजतं. सरकार स्वतः झाडं लावतं तेव्हा मात्र खड्डे मोजतं.

सगळीकडे असं नाही, हेही सांगायला हवं. मनरेगात एक पद्धत आहे, तिला आपल्याकडे 'बिहार पॅटर्न' म्हणतात. ती मुझफ्फरपूर जिल्ह्यातून आली. ठराविक झाडं ठराविक कुटुंबांच्या ताब्यात द्यायची, त्यांनीच तीन वर्षं पाणी घालायचं, राखण करायची आणि मजुरी जिवंत झाडांच्या प्रमाणात मिळायची. झाडं मेली की मजुरी कमी, फार मेली की बंद. राखणदार ठरलेला असतो आणि झाड जगण्यात त्याचं पोट गुंतलेलं असतं, म्हणून ती चालते.

तिथेही एक अडचण आहे. मनरेगात मजुरीचा वाटा किमान ६० टक्के आणि साहित्याचा जास्तीत जास्त ४० टक्के असतो. लोखंडी जाळी म्हणजे साहित्य. म्हणून तिथे बाभळीच्या, बोरीच्या काट्यांचं कुंपण जास्त परवडतं, कारण ते मजुरीत बसतं. काट्यांचं कुंपण वाईट नसतं. फक्त एका उन्हाळ्यानंतर ते वाळून पडतं किंवा कुणाच्या तरी चुलीत जातं. दरवर्षी पुन्हा घालावं लागतं, आणि अंदाजपत्रकात ते एकदाच लिहिलेलं असतं.

८६ रुपयांचं झाड

२०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. ही राज्याची उद्दिष्टं होती. सुधीर मुनगंटीवार तेव्हा वनमंत्री होते. सरकार बदललं, आरोप झाले आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. त्या वेळी सभागृहात वनविभागाचे आकडे सांगितले गेले: २०१६-१७ ते २०१९-२० या काळात २८ कोटी २७ लाख रोपं, खर्च सुमारे २,४३० कोटी रुपये आणि ऑक्टोबर २०२० पर्यंत ७५ टक्क्यांहून थोडी जास्त रोपं जिवंत.

राजकारण बाजूला ठेवा. साधा भागाकार करा. एका रोपाला साधारण ८६ रुपये येतात. त्यात खड्डा, रोप, लावणी, राखण सगळं आलं. हे शक्य आहे का?

जंगलाच्या जमिनीवर बऱ्यापैकी शक्य आहे. तिथे ३ बाय ३ मीटरवर रोप लावलं तर एका हेक्टरात सुमारे १,१११ रोपं बसतात. २५ हेक्टरचा चौकोनी तुकडा घ्या. त्याची हद्द २,००० मीटर. आत रोपं जवळपास २७,७००. म्हणजे कुंपण किंवा गुरं अडवायचा चर एका रोपाच्या वाट्याला फक्त ७ सेंटीमीटर येतो. टँकर बहुतेक लागत नाही. पावसाच्या सुरुवातीला लावायचं, तण काढायचं, बुडाला मातीची भर द्यायची, काही मेली तर सोडून द्यायचं. एवढी रोपं असली की चौथा हिस्सा मेला तरी जंगल उभं राहतं.

आता आपल्या स्टेशन रोडला या. इथे प्रत्येक झाड एकटं आहे. त्याला स्वतःचा पिंजरा लागतो. खाली मुरूम आणि रस्त्याचा भराव, त्यात मुळी सहज शिरत नाही. पाणी टँकरनंच येणार. इथे एक मेलं की तिथे भगदाड दिसतं, म्हणून बदलावंही लागतं. गोंधळ नेमका इथे होतो. शहरातल्या झाडाला कुणीतरी जंगलातल्या झाडाचा दर लावतं आणि सभा तो मंजूर करते.

हजार झाडांचा हिशेब

चला, मांडून बघू. दर मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. पद्धत तीच राहील.

पहिला दिवस. ६० सेंटीमीटर लांब-रुंद-खोल खड्डा ७० रुपये. बाहेरून आणलेली माती आणि शेणखत ५०. पाच-सहा फुटी रोप १००. लावणी आणि आधाराची काठी ३०. झाले २५०. बांबूचा किंवा साधा जाळीचा पिंजरा ४००. एकूण ६५०, म्हणजे हजार झाडांना साडेसहा लाख.

बहुतेक अंदाजपत्रकं इथे संपतात. 'देखभाल' म्हणून खाली एक गोल आकडा टाकलेला असतो.

पाणी. नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण ३२ आठवडे. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा, झाडाला १० लिटर. हजार झाडांना एका फेरीला १० हजार लिटर, म्हणजे पाच हजाराचे दोन टँकर. ६४ फेऱ्यांचे १२८ टँकर. टँकर ८०० रुपयांनी धरला तर १ लाख २ हजार. पाइप धरणारी माणसं, फेरीला तीन मजुरी, १,५०० रुपये, ६४ फेऱ्यांचे ९६ हजार. पहिल्या वर्षाचं पाणी दोन लाखांच्या घरात गेलं. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदाच, पण १५ लिटर: सव्वा लाख. तिसऱ्या वर्षी पंधरवड्यातून एकदा २० लिटर: पाऊण लाख. तीन वर्षांचं पाणी चार लाख.

वर्षातून दोनदा तण काढून आळं करायचं, झाडामागे १० रुपये. तीन वर्षांचे ६० हजार.

आता मेलेली झाडं. दुसऱ्या पावसाळ्यात २०० आणि तिसऱ्या पावसाळ्यात १०० बदलावी लागतील असं धरू. शहरात हे फार नाही. खड्डा आहेच, पण रोप, लावणी, थोडी माती मिळून १५०, आणि निम्मे पिंजरे वाकलेले किंवा चोरीला गेलेले, म्हणून सरासरी २०० आणखी. ३०० झाडांचे १ लाख ५ हजार.

आणि हा मुद्दा जवळजवळ सगळेच विसरतात. दुसऱ्या वर्षी लावलेलं बदली झाड तिसऱ्या वर्षी अजून लेकरू असतं. योजना तीन वर्षांची, म्हणून चौथ्या वर्षी टँकर बंद. मूळची झाडं तग धरतात, बदललेली मरतात. म्हणजे बदलीवर केलेला खर्चही वाया. त्यांनाही तीन वर्षं द्यायची तर चौथ्या वर्षी ३०० झाडांना आणि पाचव्या वर्षी १०० झाडांना पाणी घालावं लागतं. झाडं थोडी असतात, पण ती गावभर विखुरलेली, म्हणून टँकर सगळीकडे फिरतोच. चौथ्या वर्षी आठवड्याला साधारण एक टँकर आणि दोन माणसं, पाचव्या वर्षी पंधरवड्याला एक. दोन्ही मिळून सुमारे ८६ हजार.

बेरीज करा: साडेसहा, चार, साठ हजार, एक लाख पाच हजार, शहाऐंशी हजार. १३ लाख. झाडामागे १,३०० रुपये. त्यातले निम्मे पहिल्या दिवशी लागतात आणि निम्मे पुढच्या पाच वर्षांत.

म्हणून कुणी साडेसहा लाखांत हजार झाडं म्हटली, की समजायचं, त्यानं फक्त पहिल्या दिवसाचा हिशेब केलाय. त्याच साडेसहा लाखांत ५०० झाडं नीट जगवता येतात. पण ५०० चा फ्लेक्स छापायला कुणाला आवडत नाही.

३१ मार्च

समजा पूर्ण १३ लाख मंजूर झाले. तरी एक खड्डा राहतोच, आणि तो रस्त्याकडेला नाही, कॅलेंडरात आहे. आपलं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. टँकरवाल्याचं बिल तोवर निघतं. नव्या वर्षाची तरतूद, मग निविदा, मग कार्यादेश, यात एप्रिल-मे जातो. झाडाला वर्षातलं सगळ्यात जास्त पाणी लागतं ते याच दोन महिन्यांत. वरच्या हिशेबात पहिल्या वर्षाच्या ६४ फेऱ्यांतल्या वीस-बावीस फेऱ्या १ एप्रिलनंतरच्या आहेत. पाच महिने जगवलेलं झाड शेवटच्या सहा आठवड्यांत मरतं.

यावर उपाय अवघड नाही. पाण्याची निविदा वृक्षारोपणाच्या निविदेसोबतच बहुवर्षीय काढायची आणि बिल टँकरच्या संख्येवर नाही, तर दर तीन महिन्यांनी मोजलेल्या जिवंत झाडांवर द्यायचं. १९९० ची फळबागेची युक्ती तीच. नवं काही शोधायला नको.

कायदाही हळूहळू तिकडेच आलाय. शहरी झाडांचा आपला कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात पन्नास वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं गेलं. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, ती सहा-आठ फुटी असावीत आणि सात वर्षं सांभाळायची. सात वर्षं! तोडणाऱ्याकडून आपण सात वर्षांची हमी मागतो. मग स्वतः लावताना एका जुलैवर का भागवतो?

मेलेलं झाड सांगून जातं

मेलेल्या झाडाजवळ दोन मिनिटं थांबा. ते बरंच बोलतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुकलं असेल तर पाण्याचा दोष नाही. उपटून बघा. कित्येकदा काळी प्लास्टिकची पिशवी तशीच असते, किंवा मुळी पिशवीत गोल-गोल फिरून दोरीसारखी झालेली असते. म्हणजे रोप जुनं होतं किंवा पिशवी न काढता लावलं. खड्ड्यात पाणी साचून कुजलं असेल तर बुडाला वास येतो. बुंध्यावर मातीचा पापुद्रा असेल तर वाळवी. शेंडा आणि पानं कमरेच्या उंचीला खाल्लेली असतील तर शेळी, म्हणजे पिंजरा नव्हता किंवा गेला. आणि एप्रिल-मेमध्ये सगळी ओळच्या ओळ एकदम वाळली असेल, तर टँकर आलाच नाही.

कागदही असाच बोलतो. माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि टँकरचं लॉगबुक. अंदाजपत्रकात बदली रोपांची ओळच नसेल, तर झाडं मरणारच नाहीत असं गृहीत धरलंय. टँकरच्या फेऱ्या प्रत्येक महिन्यात सारख्याच असतील, भर ऑगस्टमध्येसुद्धा, तर ते लॉगबुक टेबलावर बसून लिहिलंय. आणि यंदाच्या खड्ड्यांची जागा गेल्या तीन वर्षांच्या यादीशी ताडून बघा. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवं झाड 'लागत' असेल, तर एका झाडाचे तीनदा पैसे गेले आणि झाड तिथे एकही नाही.

त्या निवृत्त साहेबांना मी शेवटी विचारलं होतं, तुमच्या हातची किती झाडं जगली? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लावली किती ते रजिस्टरला आहे. जगली किती, हा रकानाच नव्हता हो."

यंदाच्या सभेत नगरसेवकांना एवढंच सांगा: तो रकाना घाला. किती लावणार हे नंतर विचारू. गेल्या पाच वर्षांत लावलेल्यांपैकी आज किती उभी आहेत, वॉर्डनिहाय, हे आधी वाचून दाखवा. मी येत्या मेच्या शेवटच्या रविवारी स्टेशन रोडची झाडं मोजणार आहे, सकाळी सात वाजता. दहा वर्षं उशीर झालाय, पण मोजणार. कुणाला यायचं असेल तर या, वही-पेन घेऊन. ज्यांच्या गल्लीत पालिकेनं लावलेलं झाड जगलंय, त्यांनी खाली लिहा: कोणत्या वर्षी लावलं आणि पाणी कुणी घातलं. माझा अंदाज आहे, बऱ्याच ठिकाणी उत्तर 'समोरच्या काकूंनी' असंच येईल. त्या पाण्याची ओळ आजवर कुठल्याच अंदाजपत्रकात आलेली नाही.